दाढ काढल्यावर दारू का नको?



गटाच्या बैठकीत दातांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, दारू-तंबाखू घेऊ नये. पण आमचे मिस्टर म्हणतात, दोन घोट घेतले की दुखणं राहतं. मग खरं काय?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर नीट माहीत नसलं की एखाद्या घराची झोप जाते, मजुरी बुडते आणि कधी कधी अर्ध्या रात्री दवाखाना गाठावा लागतो. म्हणून या महिन्याचा आरोग्याचा पाठ याच प्रश्नावर आहे.

आधी एका घरात काय होतं ते पाहू. हे घर कुणा एकीचं नाही. बऱ्याच घरांत जे थोडंथोडं घडतं, ते जोडून केलेलं हे एक घर आहे. त्यामुळे "ही कोणाची गोष्ट?" असा शोध घेत बसू नका.

शुक्रवार ते सोमवार

पेणजवळच्या गावात गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात काम करणारा एक कारागीर. वय पस्तीस-चाळीस. खालची मागची दाढ किडून पोकळ झालेली. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास दाढ काढली. डॉक्टरांनी खळग्यावर कापसाचा बोळा ठेवून अर्धा-पाऊण तास दाबून धरायला सांगितलं. रक्त थांबलं. चिठ्ठीवर तीन प्रकारच्या गोळ्या होत्या. दोन जंतू मारायच्या, अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल. तिसरी दुखण्याची, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ एक.

दुपारी दोनच्या पुढे भूल उतरली आणि ठणका सुरू झाला. त्यानं गोळ्या घेतल्या. बरं वाटलं. संध्याकाळी गावात भावकीत हळद होती. "आइसक्रीम खायला सांगितलंय ना डॉक्टरनं, मग थंड बिअर चालेल," असं म्हणत सुरुवात झाली आणि शेवट देशीच्या क्वार्टरवर गेला.

रात्री अकराला तो घरी आला. चेहरा लाल, छाती धडधडतेय, दोनदा उलटी झाली. झोपला, आणि थोड्या वेळानं बायकोनं पाहिलं तर उशी लाल. तोंडात गरम रक्त आणि काळपट गोळे. तिला वाटलं, आता काय होतंय कोण जाणे. तिनं स्वच्छ सुती कापडाची जाड घडी करून त्याला बसवून चावायला लावली. अर्ध्या तासानं रक्त थांबलं.

शनिवार बरा गेला. रविवारी रात्रीपासून मात्र असा ठणका लागला की कानापर्यंत कळ जाऊ लागली. दुकानातून पॅरासिटामॉलच्या आणखी गोळ्या आणल्या. उपयोग झाला नाही. सोमवारी परत दवाखाना. डॉक्टरांनी पाहिलं तर खळगा रिकामा, आत हाड उघडं. चार दिवसांचं काम बुडालं ते वेगळंच.

या चार दिवसांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या. रात्रीचं रक्त, उलटी-धडधड, आणि तिसऱ्या दिवसाचा ठणका. तिन्हीत दारूचा हात आहे, पण प्रत्येकीत तो वेगळ्या वाटेनं आला. आता एकेक उलगडू.

खळग्यातली गुठळी म्हणजे ओला बांध

दाढ निघते तेव्हा हाडात एक खोल खळगा राहतो. तो रक्तानं भरतो आणि काही मिनिटांत ते रक्त थिजून गुठळी होते. आपल्याला वाटतं, ही गुठळी म्हणजे घाण, थुंकून टाकावी. नाही. तीच जखमेचं झाकण आहे. तिच्याखाली हाड आणि नसा झाकल्या जातात आणि तिच्यातूनच पुढे नवीन मांस भरत येतं.

पेणच्या खाडीकडच्या बायांना हे लगेच कळेल. खारजमिनीच्या बांधाला खांड पडली की आपण काय करतो? आधी हाताला लागेल ते टाकून भगदाड बुजवतो, मग त्यावर चिखल लिंपतो. बांध उभा दिसतो, पण तो ओला असतो. त्या रात्री उधाणाची भरती आली तर तोच भाग पुन्हा जातो. चिखल घट्ट बसला की मग भीती कमी.

रक्ताचंही असंच. आधी धावून येतात त्या प्लेटलेट, म्हणजे डेंगू झाल्यावर ज्या मोजतात त्याच. त्या एकमेकींना चिकटून भोक बुजवतात. मग रक्तातलेच धागे त्यांच्याभोवती जाळं विणतात आणि गुठळी घट्ट होते. हे जाळं पक्कं व्हायला साधारण एक दिवस लागतो. म्हणून पहिले २४ तास चूळ भरायची नाही, जोरात थुंकायचं नाही, नळीनं किंवा बाटलीला तोंड लावून ओढून प्यायचं नाही. ओढलं की तोंडात पोकळी होते आणि ओली गुठळी उचलली जाते.

पुढे आठवड्याभरात खळग्यात लालसर नवीन मांस दिसू लागतं. हिरडी वरून मिटायला तीन-चार आठवडे जातात. आतलं हाड भरायला तर काही महिने लागतात, पण ते आपल्याला जाणवत नाही.

दारू त्या बांधाला काय करते

दारू पोटात गेली की अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात. प्यायलेल्या माणसाचा चेहरा लाल आणि अंग गरम लागतं ते यामुळेच. जखमेजवळच्या वाहिन्याही रुंद होतात आणि तिथे रक्त जास्त येतं.

पहिल्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट जुळून येते. दाढ काढताना जे भुलीचं इंजेक्शन देतात, त्यात बहुधा वाहिन्या आवळून धरणारं औषधही मिसळलेलं असतं. त्यामुळे दवाखान्यात रक्त लवकर थांबल्यासारखं दिसतं. काही तासांनी त्याचा जोर उतरतो आणि वाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात. एरवी गुठळी तेवढं सांभाळून घेते. पण त्याच वेळी वरून दारू गेली, तर ओल्या बांधावर भरती आल्यासारखं होतं. आपल्या कारागिराची उशी रात्रीच लाल झाली, दुपारी नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं, दारू रक्तात असताना प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत. त्यात दुखण्याच्या गोळीचीही भर पडते, कारण अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, केटोरोलॅक या गोळ्याही प्लेटलेटचं काम थोडं मंदावतात. एकट्या गोळीनं निरोगी माणसाला सहसा त्रास होत नाही, म्हणून तर डॉक्टर ती देतात. दोन्ही एकत्र आले की मात्र रक्त थांबायला वेळ लागतो.

तिसरं कारण माणसाच्या वागण्यात आहे. नशेत सूचना लक्षात राहत नाहीत. तो थुंकतो, चूळ भरतो, बिडी ओढतो, चणे-फुटाणे त्याच बाजूनं चावतो, उलटी होते. आणि झोप इतकी गाढ लागते की तोंडात रक्त साठलेलं त्याला कळत नाही.

एका घोटानं प्रत्येकाला रक्त लागेलच असं नाही. "मी घेतली होती, मला काही झालं नाही," असं सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो आणि तो खोटंही बोलत नसतो. पण कोणाचा बांध राहील आणि कोणाचा जाईल, हे आधी पाहून कळत नाही.

तिसऱ्या दिवसाचा ठणका

दाढ काढल्यावर पहिल्या दिवशी दुखतं आणि मग रोज थोडं कमी होत जातं. हा सरळ रस्ता. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दुखणं कमी होण्याऐवजी एकदम वाढलं, कान-कपाळापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास आणि चव आली, आणि आरशात पाहिलं तर खळगा लालसर भरलेला नसून रिकामा, आत राखाडी-पांढरं हाड दिसतंय, तर समजा की गुठळी गेली. दातांचे डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात, म्हणजे कोरडा खळगा.

साधी दाढ काढलेल्या शंभर माणसांत दोन-चार जणांना हे होतं. खालची अक्कलदाढ, तीही हाडात अडकलेली असली, तर पुष्कळ जास्त जणांना. दारूनं गुठळी सुटायला आणि जखम चिडायला मदत होते. शिवाय दारूनं लघवीला जास्त होतं, अंगातलं पाणी कमी होतं, तोंड सुकतं. जो माणूस रोज पितो आणि जेवणाकडे दुर्लक्ष करतो, त्याच्या अंगात जखम भरण्याची ताकदच कमी असते आणि जंतूंशी लढण्याचीही.

पण सगळा दोष दारूवर टाकून मोकळं होता येणार नाही. गुठळी जाण्याचं त्याहून पक्कं माहीत असलेलं कारण बिडी-सिगारेट. आणि तंबाखूची मिश्री? ती तर आपण बोटानं हिरडीवर घासतो! दाढ काढल्यावर निदान आठवडाभर ती बाजूला ठेवा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायांनाही कोरड्या खळग्याचा धोका थोडा जास्त असतो. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका, पण दाढ काढायच्या आधी डॉक्टरांना तेवढं सांगा. लाजायचं काही कारण नाही.

कोरडा खळगा झाला तर तो गोळ्या वाढवून बरा होत नाही. डॉक्टर मिठाच्या औषधी पाण्यानं खळगा धुतात आणि आत औषध लावलेली पट्टी किंवा लगदा भरतात. बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. कधी एक-दोन वेळा पट्टी बदलावी लागते. म्हणून असा ठणका लागला की दुकानात नाही, दवाखान्यात जायचं.

गोळ्या आणि दारू

आता त्या चिठ्ठीवरच्या गोळ्यांकडे येऊ. कारागिराची उलटी आणि धडधड इथून आली असावी.

मेट्रोनिडाझोल ही गोळी हिरडीतल्या जंतूंवर देतात. तिच्यासोबत दारू घेतली तर काही जणांना चेहरा लाल होणं, मळमळ, उलटी, डोकं ठणकणं, छातीत धडधड असा त्रास होतो. सगळ्यांनाच होत नाही, पण कुणाला होईल ते सांगता येत नाही. म्हणून ही गोळी चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी तीन दिवस दारू नको, असा नियम पाळतात. लक्षात घ्या, गोळ्या शुक्रवारी संपल्या तर शुक्रवारी रात्री मोकळीक नाही, सोमवार उलटून जाऊ द्यायचा. आणि दारू पिता यावी म्हणून गोळ्याच बंद केल्या, हाही मार्ग नाही.

दुखण्याच्या गोळ्यांपैकी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, केटोरोलॅक ही एक जात. या गोळ्या जठराच्या आतल्या अस्तराला त्रास देतात, म्हणून जेवणानंतर घ्यायला सांगतात. दारूही त्याच अस्तराला जाळते. दोघी मिळून जठरात जखम आणि रक्तस्राव होऊ शकतो. खूण अशी, की उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट दिसतं, किंवा शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होतं. हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

दुसरी जात पॅरासिटामॉलची. ती पोटाला सौम्य, म्हणून लोकांना वाटतं कितीही घेतली तरी चालते. पण ती लिव्हरमधून जाते, आणि तिचा थोडासा भाग तिथे विषारी होतो. निरोगी लिव्हर तो लगेच निकामी करून टाकतं. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये विष जास्त बनतं आणि ते निकामी करणारा साठा कमी असतो.

आता हिशोब मांडू, बचतीच्या वहीत मांडतो तसाच. चिठ्ठीवरच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. दिवसाला दोन, म्हणजे ६५०. त्यावर रविवारी दुकानातून आणलेल्या ६५० च्या तीन, म्हणजे १९५०. एकूण झालं २६००. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे, तेव्हा हे चालून जातं. पण रोज दारू घेणाऱ्यासाठी डॉक्टर ही मर्यादा साधारण २००० वर आणतात. तिथे हा माणूस ६०० नं पुढे गेला, आणि त्याला पत्ताही नाही, कारण दोन पाकिटांवरची नावं वेगळी होती. म्हणून गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषध वाचा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा आशाताईकडून वाचून घ्या.

तिसरी जात ट्रॅमाडॉलची. जास्त दुखत असलं तर कधी ती देतात, बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत. ही गुंगी आणते. दारूही गुंगी आणते. दोन्ही मिळून माणूस इतका गाढ झोपतो की श्वास मंद होतो. यात जीव जाऊ शकतो. ट्रॅमाडॉल असेल त्या दिवशी एक घोटही नको.

आणि अ‍ॅस्पिरिन. डोकेदुखीची म्हणून घरात पडलेली ही गोळी दाढ काढल्यावर आपल्या मनानं घेऊ नका, ती रक्त बराच काळ पातळ ठेवते. पण हृदयासाठी कुणाला ती रोज लिहून दिली असेल, तर ती आपल्या मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना आधी सांगा.

मग किती दिवस?

पहिले २४ तास एक थेंबही नाही. पुढचे दोन-तीन दिवसही नाही, कारण कोरड्या खळग्याचा काळ तोच. आणि गोळ्या चालू असेपर्यंत नाही, मेट्रोनिडाझोल असेल तर वर सांगितल्याप्रमाणे आणखी तीन दिवस. सोपं करून सांगायचं तर, पाच दिवसांच्या गोळ्या असतील तर आठ दिवस धरा. बिअर, ताडी, माडी, देशी, हातभट्टी, सगळ्यांना हाच नियम. ताडी थंड असते म्हणून ती औषध होत नाही.

दारूचा बोळा दाढेत ठेवण्याची रीतही सोडा. थोडा वेळ बधिर वाटतं, पण हिरडी भाजते, आणि दाढ काढलेल्या खळग्यात तर ती उघड्या जखमेवर ओतल्यासारखी आहे. त्याऐवजी पहिल्या दिवशी गालावर बाहेरून, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-दहा मिनिटं धरा. २४ तासांनंतर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात नुसतं फिरवा आणि सोडून द्या, खळखळून चूळ नको.

आणखी एक. दशमूलारिष्टासारखी आसवं-अरिष्टं बाटलीत आंबवून होतात, त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं. काही माउथवॉशमध्येही असतं. बाटलीवर ते लिहिलेलं असतं. गोळ्या चालू असताना ही घेत असाल तर डॉक्टरांना विचारा.

जो रोज पितो त्याचं काय?

रोह्याकडच्या ताया विचारतात ते हे. "सासरे वीस वर्षं रोज घेतात. दाढ काढायचीय. डॉक्टर म्हणाले बंद करा. बंद केली की हात थरथरतात. काय करायचं?"

इथे वरचा नियम डोळे झाकून लावू नका. ज्याच्या अंगाला दारूची रोजची सवय लागली आहे, त्यानं ती एकाएकी तोडली तर पहिल्या दिवसातच थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. पुढच्या दिवसांत काहींना फिट येते, भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो. हा नाटकीपणा नाही, हा आजार आहे आणि त्यात दवाखान्यात दाखल करावं लागतं. म्हणून दाढ काढायच्या आधीच डॉक्टरांना खरं सांगायचं. किती, कधीपासून, शेवटची कधी घेतली. ठणका फार नसेल तर ते तारीख पुढे ढकलतील आणि फिजिशियनकडे पाठवतील. पेण आणि रोहा, दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे चौकशी करा.

डोळे पिवळे असणं, पोट फुगणं, पायावर सूज, हिरडीतून आपोआप रक्त, थोडं लागलं तरी काळं-निळं पडणं, ही लिव्हर थकल्याची लक्षणं असू शकतात. रक्त गोठवणारी बरीचशी द्रव्यं लिव्हरमध्येच बनतात. अशा माणसाची दाढ काढण्याआधी प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. ही तपासणी म्हणजे डॉक्टरांनी उगाच लावलेला खर्च समजू नका. आणि दवाखान्यात जाताना "भीती जावी म्हणून थोडी घेऊन जातो" हे तर मुळीच नको. प्यायलेल्या माणसाची दाढ डॉक्टर बहुधा काढतच नाहीत, फेरी फुकट जाते.

आणि तो पिऊन आलाच तर?

हे आपल्यातल्या पुष्कळ जणींना सामोरं येणार आहे, म्हणून सांगते. त्या वेळी भांडण काढू नका, त्यातून काही निघत नाही. रात्रीच्या गोळ्या त्याला आपल्या मनानं देऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा. पाणी प्यायला द्या, ग्लासातून. तोंडात बोळा असेल तर झोपण्याआधी काढा, नाही तर घशात जाऊन गुदमरेल. डोकं उशीवर उंच ठेवून कुशीवर झोपवा, उलटी झाली तर ती श्वासात जाणार नाही. रात्री दोन-तीनदा हाक मारून पाहा.

लाळ गुलाबी येणं एक दिवस चालतं. तोंड परत परत लाल रक्तानं भरतंय, असं झालं तर ताठ बसवा आणि स्वच्छ कापडाची जाड घडी पाण्यात पिळून खळग्यावर ठेवून घट्ट चावायला लावा. अर्धा तास, मध्ये उचलून पाहायचं नाही. आपण दर दोन मिनिटांनी पाहतो आणि बसत आलेली गुठळी उखडतो. एवढं करूनही रक्त थांबलं नाही, किंवा माणूस हाकेला उठत नाही, श्वास संथ आहे, उलटीत रक्त आहे, तर १०८ ला फोन करा. दवाखान्यात दारूचं लपवू नका. किती वाजता किती घेतली आणि कोणत्या गोळ्या पोटात आहेत, हे कळलं तरच डॉक्टर योग्य औषध देतील. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

शेवटी एक बोलते. चिठ्ठीवर "दारू घेऊ नये" लिहिलेलं असतं, पण ती चिठ्ठी सांभाळायचं काम बहुतेक घरांत बाईवरच येतं. नवरा ऐकला नाही तर तो तुमचा दोष नाही. पण दवाखान्यात शक्य असेल तर सोबत जा आणि डॉक्टरांना त्याच्यासमोर विचारा, "दारूचं काय?" बायकोनं सांगितलेलं हसण्यावारी जातं. डॉक्टरांनी का ते समजावून सांगितलं, की बरेच पुरुष आठ दिवस तरी थांबतात.

बैठकीत विचारून पाहा

१. खळग्यातली गुठळी थुंकून का टाकायची नाही?

२. मेट्रोनिडाझोलची शेवटची गोळी मंगळवारी रात्री घेतली. दारू कोणत्या दिवसापर्यंत नको? (उत्तर: शुक्रवार रात्रीपर्यंत.)

३. दाढ काढल्यावर तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तोंडाला वास येतोय. दुकानातून गोळी आणायची की दवाखान्यात जायचं? का?

४. घरातलं दुखण्याच्या गोळ्यांचं एक पाकीट पुढच्या बैठकीला आणा. त्यात कोणतं औषध किती मिलिग्रॅम आहे ते सगळ्या मिळून वाचा.